वैयक्तिक इंटरनेट वापराच्या धोरणाची आठवण सर्व कर्मचाऱ्यांना कशी करून द्यावी : तयारी, मसुदा आणि पाठपुरावा

कार्यालयीन इंटरनेटच्या वैयक्तिक वापराबद्दल परिपत्रक निघाले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. ज्यांचा वापर मुळातच माफक असतो ते दुखावतात आणि काही दिवस बँकेचा एखादा व्यवहारही भीतभीत करतात. ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेले असते, त्यांना ते आपल्याबद्दल आहे असे वाटतही नाही. मग दोष भाषेला दिला जातो आणि पुढच्या वेळी त्याच मजकुरात दोन ठिकाणी ‘कृपया’ घातले जाते. त्याने काही बदलत नाही, कारण शिक्षेचा सूर शब्द निवडण्याच्या आधीच ठरलेला असतो. पत्र कशामुळे निघाले, कोणाच्या सहीने निघाले, त्याचे पहिले वाक्य कशाबद्दल आहे आणि त्यात काय सांगायचे टाळले आहे, यांवरून वाचणारा त्याचा अर्थ लावतो.

हा लेख अशा कार्यालयांसाठी आहे जिथे धोरण आधीपासून लागू आहे आणि फक्त त्याची आठवण करून द्यायची आहे. नवा नियम आणायचा असेल तर तो नवा नियम म्हणून स्वतंत्रपणे जाहीर करावा. आठवणीच्या नावाखाली नियम बदलल्यास पुढच्या कोणत्याही सूचनेवर कर्मचारी विश्वास ठेवत नाहीत.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, एका कार्यालयात १२० कर्मचारी आहेत, सर्वांसाठी मिळून १०० एमबीपीएसची एक इंटरनेट लाइन आहे आणि ग्राहकांचे फोनही याच लाइनवरून चालतात. काही आठवड्यांपासून दुपारी १ ते ३ या वेळेत फोनवर आवाज तुटतो. ‘लोक व्हिडिओ बघत बसतात’ असा व्यवस्थापनाचा समज झाला आहे आणि सर्वांना एक कडक मेल पाठवा, असे तुम्हाला सांगण्यात आले आहे.

## पहिला टप्पा : प्रश्न सर्वांचा आहे की एकाचा, हे आधी ठरवा

मसुदा उघडण्यापूर्वी एका कागदावर एका वाक्यात लिहा की हे पत्र नेमक्या कोणत्या घटनेमुळे निघते आहे. ते वाक्य एखाद्या व्यक्तीच्या नावाने सुरू होत असेल, किंवा नाव न लिहिताही तुमच्या मनात एकच चेहरा येत असेल, तर सर्वांना पत्र पाठवू नका. त्या व्यक्तीशी तिच्या वरिष्ठाने बंद दाराआड बोलणे हाच तिथला मार्ग आहे.

एकाला सांगण्याची गोष्ट सर्वांना सांगितल्यास दोन प्रकारे नुकसान होते. कार्यालयात हे पत्र कोणामुळे निघाले याची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा उत्तर लवकर सापडते, म्हणजे त्या व्यक्तीची नाचक्की सर्वांसमोर होते. शिवाय जी गोष्ट तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवी होती ती कधीच सांगितली जात नाही, त्यामुळे पुढे खरोखर कारवाईची वेळ आली तर ‘मला कोणी काही सांगितले नाही’ हे तिचे म्हणणे खरे ठरते.

सर्वांना पत्र पाठवण्याजोगी कारणे मोजकी आहेत : अनेकांच्या एकत्रित वापराचा परिणाम कामावर होतो आहे, नियमाचा अर्थ वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळा लावला जातो आहे, किंवा बरेच नवे कर्मचारी आले आहेत आणि त्यांनी धोरण पाहिलेलेच नाही. आपल्या उदाहरणातील आवाज तुटणे हे पहिल्या प्रकारात बसू शकते, पण तेही तपासल्याशिवाय गृहीत धरायचे नाही.

तपासणी : तुम्ही लिहिलेले कारण, आहे त्या शब्दांत, पत्राच्या मजकुरात छापायची तुमची तयारी आहे का? नसेल तर कारण चुकीचे आहे किंवा पत्राचा मार्ग चुकीचा आहे.

## दुसरा टप्पा : धोरणाची प्रत उघडून शब्दशः वाचा

हे सांगण्याची गरज वाटू नये, तरीही सर्वाधिक चुका इथेच होतात. पत्र लिहिणाऱ्याला धोरण ‘साधारण माहीत’ असते आणि पत्रात तो धोरणापेक्षा कडक काहीतरी लिहून जातो. अनेक धोरणांमध्ये विश्रांतीच्या वेळेत मर्यादित वैयक्तिक वापराला स्पष्ट परवानगी असते, आणि पत्रात मात्र ‘इंटरनेट केवळ कार्यालयीन कामासाठी आहे’ असे वाक्य येते. ज्या कर्मचाऱ्याने धोरण वाचले आहे त्याला हे ताबडतोब दिसते, आणि प्रामाणिकपणे नियम पाळणारा तोच असतो.

वाचताना चार गोष्टी टिपून ठेवा : सध्या लागू असलेल्या प्रतीची तारीख, वैयक्तिक वापराला नेमकी किती आणि केव्हा मुभा आहे ते कलम, वापराच्या नोंदींबद्दल धोरण काय सांगते ते कलम, आणि उल्लंघनाबद्दलचे कलम. पत्रात यांचे क्रमांक लागणार आहेत. धोरण कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्यांना लागू आहे का, हेही पाहा. लागू नसताना त्यांना पत्र गेल्यास पहिले प्रश्न तिथूनच येतात.

आपल्या उदाहरणातील धोरणाचे कलम ४ असे आहे असे धरू : जेवणाच्या सुट्टीत आणि कामातील लहान विश्रांतीत वैयक्तिक कारणासाठी इंटरनेट वापरता येईल, मात्र त्यामुळे कार्यालयीन कामात अडथळा येऊ नये. म्हणजे दुपारी जेवताना व्हिडिओ पाहणारा कर्मचारी नियम मोडत नाही. धोरणाने दिलेली सवलत तो वापरतो आहे. कडक मेल गेला असता तर परवानगी असलेल्या गोष्टीसाठीच लोकांना दटावले गेले असते.

सावधान : धोरण एक सांगत असेल आणि वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत वेगळेच चालत आले असेल, तर ‘आठवण’ पाठवून ती तफावत मिटत नाही. आधी व्यवस्थापनाने धोरण बदलायचे की वहिवाट, हे ठरवावे.

## तिसरा टप्पा : आयटी विभागाकडून नोंदी घ्या, पण त्या काय सांगत नाहीत हेही विचारा

इंटरनेट वापराच्या नोंदी पाहून घाईने निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. या टप्प्याला पुरेसा वेळ द्या, कारण पत्रातील कारणाचे वाक्य इथूनच येणार आहे.

एखादे बातम्यांचे पान उघडले की ते पान स्वतःहून जाहिराती, चित्रे आणि वाचकसंख्या मोजणारी साधने यांसाठी कित्येक इतर संकेतस्थळांशी संपर्क साधते. नोंदीत त्या सर्वांची नावे येतात, त्यामुळे एका कर्मचाऱ्याने एका पानाला दिलेली एक भेट डझनभर भेटींसारखी दिसू शकते. ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला टॅब दर काही मिनिटांनी आपोआप ताजा होत राहू शकतो, म्हणून ‘हा मनुष्य चार तास बातम्या वाचत होता’ या नोंदीचा अर्थ ‘त्याने सकाळी उघडलेला टॅब बंद केला नाही’ एवढाच असू शकतो. आजची बहुतेक संकेतस्थळे मजकूर कूटबद्ध करून पाठवणारी एचटीटीपीएस पद्धत वापरतात. अशा वेळी, जोडणी उलगडून पाहण्याची खास व्यवस्था कार्यालयाने बसवलेली नसेल तर, साधारणपणे संकेतस्थळाचे नाव, वेळ आणि डेटाचे प्रमाण एवढेच कळते, आत काय वाचले ते कळत नाही. म्हणून ‘कोणी किती वेळ घालवला’ हे नोंदींवरून ठरवू नका. ‘कोणत्या वेळी लाइनवर किती भार होता आणि तो कोणत्या प्रकारचा होता’ हे मात्र त्यांवरून बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येते.

आयटी विभागाकडे मागणी करतानाही व्यक्तींची नावे मागू नका. दोन आठवड्यांचा, तासागणिक, एकूण भाराचा आलेख मागा आणि त्यातील सर्वांत मोठे तीन प्रकार कोणते ते विचारा. नावे हाताशी आली की ती विसरता येत नाहीत आणि मसुद्यात त्यांची सावली पडते.

उदाहरणात काय दिसले असेल ते पाहू. पूर्ण एचडी दर्जाच्या व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. जेवणाच्या सुट्टीत १२ जण, म्हणजे दहातील एक जण, एकाच वेळी असा व्हिडिओ पाहत असेल तर ६० एमबीपीएस तिथेच गेले. याच वेळी अनेकांचे मोबाइल कार्यालयाच्या वाय-फायला जोडलेले असतात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप ऑनलाइन साठवणीकडे पाठवत असतात. काही मोबाइल अ‍ॅपची नवी आवृत्ती उतरवत असतात. लाइन भरते. फोनवरील एका संभाषणाला सुमारे ०.१ एमबीपीएस एवढीच जागा पुरते, पण भरलेल्या लाइनवर आवाजाची पाकिटे, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, रांगेत अडकतात आणि उशिरा पोहोचलेला आवाज निरुपयोगी असतो. आवाज तुटतो तो यामुळे. या सगळ्यात अतिवापर करणारा कोणीच नाही, हे महत्त्वाचे आहे. प्रत्येकाचा वापर परवानगीतलाच आहे, तरी बेरीज लाइनला झेपत नाही. ही वस्तुस्थिती पत्रात सांगितली की आरोपाला जागाच उरत नाही.

आता आयटी विभागाला आणखी एक प्रश्न विचारा : यातील किती भाग निव्वळ तांत्रिक बदलाने सुटेल? राउटरमध्ये फोनच्या आवाजाला प्राधान्य देता येते. वैयक्तिक मोबाइलसाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय ठेवून त्याला, समजा, ३० एमबीपीएसची मर्यादा घालता येते. जे एका सेटिंगने होते ते १२० माणसांच्या सवयीवर सोपवू नये. असे बदल करूनही जे उरते, तेवढेच पत्रातून मागायचे.

तपासणी : कारणाचे वाक्य आता आकड्यांवर उभे आहे का, आणि त्यात कोणाच्या हेतूबद्दल एकही शब्द नाही ना?

## चौथा टप्पा : एकच मागणी निश्चित करा

आठवणीच्या पत्रात सगळे धोरण पुन्हा उतरवण्याचा मोह आवरा. पंधरा कलमांची यादी वाचणाऱ्याला आपण काय बदलायचे ते कळत नाही. त्याला एवढेच कळते की वरचे लोक नाराज आहेत. एका पत्रात एकच कृती मागावी, आणि ती अशी असावी की वाचून झाल्यावर पाच मिनिटांत करता येईल.

‘इंटरनेटचा वापर जबाबदारीने करावा’ ही कृती नाही. ‘वैयक्तिक मोबाइल कार्यालयाच्या मुख्य वाय-फायवरून काढून पाहुण्यांच्या वाय-फायला जोडावा’ ही कृती आहे. ती केली की नाही हे करणाऱ्याला स्वतःला कळते, आणि तिने प्रश्न सुटतो, कारण व्हिडिओ आणि फोटोंची पाठवणी दोन्ही मर्यादा घातलेल्या मार्गावर जातात. कोणालाही सुट्टीतला विरंगुळा सोडावा लागत नाही.

मागणी ठरली की ती कोणाला लागू पडणार नाही याचा विचार करा. ज्यांचे कामच समाजमाध्यमांवर आहे, ज्यांना कार्यालयीन कामासाठी स्वतःचा मोबाइल मुख्य वाय-फायवर ठेवावा लागतो, ज्यांची सुट्टी पाळीमुळे वेगळ्या वेळी असते, अशा सर्वांसाठी पत्रात एक वाक्य हवे. ते नसेल तर हे लोक एकतर घाबरून काम अडवून ठेवतात किंवा पत्र आपल्यासाठी नाही असे समजून सोडून देतात.

## पाचवा टप्पा : मसुद्यातील वाक्यांचा क्रम

नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला मसुदा बहुधा असा असतो :

> असे निदर्शनास आले आहे की, काही कर्मचारी कार्यालयीन वेळेत इंटरनेटचा वैयक्तिक कारणांसाठी सर्रास गैरवापर करत आहेत. यामुळे कामकाजावर विपरीत परिणाम होत आहे. सर्वांच्या इंटरनेट वापरावर लक्ष ठेवले जात असून धोरणाचे उल्लंघन करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल, याची सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी.

‘असे निदर्शनास आले आहे’ या सुरुवातीत कोणी, केव्हा आणि काय पाहिले हे काहीच नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका पाळतीची येते. ‘काही कर्मचारी’ म्हटल्याबरोबर ते कोण याचा शोध सुरू होतो. ‘सर्रास गैरवापर’ हा निकाल आहे आणि त्यामागे पुरावा दिलेला नाही. विपरीत परिणाम नेमका कोणता, ते सांगितलेले नाही. आणि संपूर्ण मजकूर वाचूनही आपण उद्यापासून काय करायचे, हे कोणालाच कळत नाही. यातले एकेक विशेषण सौम्य केले तरी क्रम तसाच राहतो : आधी आरोप, मग पाळत, मग धमकी.

क्रम उलटा करा. आधी काय चालते ते सांगा. मग अडचण आणि तिचे कारण. मग कार्यालय स्वतः काय करणार आहे ते. त्यानंतर कर्मचाऱ्यांकडून हवी असलेली एक कृती, अपवाद, नोंदींबद्दलची माहिती, आणि शेवटी धोरणाचा संदर्भ व विचारणा करण्याचे ठिकाण. परवानगी आधी सांगितल्याने ज्याचे काही चुकत नाही तो पहिल्याच ओळीला निश्चिंत होतो आणि पुढचे नीट वाचतो. कार्यालयाचा वाटा कर्मचाऱ्यांच्या वाट्याआधी आल्याने मागणी एकतर्फी वाटत नाही. याच क्रमाने उदाहरणातील पत्र असे होईल :

> विषय : दुपारच्या वेळेत फोनवर तुटणारा आवाज आणि वैयक्तिक मोबाइलसाठी वाय-फाय
>
> सर्व सहकाऱ्यांस,
>
> आपल्या इंटरनेट धोरणाच्या कलम ४ नुसार जेवणाच्या सुट्टीत आणि कामातील लहान विश्रांतीत वैयक्तिक कारणासाठी इंटरनेट वापरता येते. त्यात काहीही बदललेले नाही.
>
> गेले काही आठवडे दुपारी १ ते ३ या वेळेत ग्राहकांशी बोलताना फोनवर आवाज तुटतो आहे. आयटी विभागाने तपासले तेव्हा या वेळेत आपली लाइन पूर्ण भरत असल्याचे दिसले. सुट्टीत अनेक जण एकाच वेळी व्हिडिओ पाहतात आणि मोबाइलमधील फोटो आपोआप ऑनलाइन साठवले जात असतात. कोणा एकाचा वापर जास्त नसतानाही एकत्रित भार लाइनला पेलत नाही.
>
> सोमवारपासून आयटी विभाग फोनच्या आवाजाला प्राधान्य देणार आहे आणि पाहुण्यांचे वाय-फाय वैयक्तिक मोबाइलसाठी खुले करणार आहे. सोमवारी कामावर आल्यावर आपला वैयक्तिक मोबाइल मुख्य वाय-फायवरून काढून पाहुण्यांच्या वाय-फायला जोडावा, ही विनंती आहे. सुट्टीत व्हिडिओ पाहण्यास हरकत नाही. या वाय-फायवर चित्राचा दर्जा थोडा कमी असेल. ज्यांना कामासाठी मोबाइल मुख्य वाय-फायवर ठेवावा लागतो त्यांनी आयटी विभागाला कळवावे, त्यांची जोडणी तशीच ठेवली जाईल.
>
> या तपासणीत केवळ तासागणिक एकूण भार पाहिला आहे. कोणाही व्यक्तीच्या वापराची नोंद पाहिलेली नाही. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात आणि किती दिवस, हे कलम ६ मध्ये दिले आहे. धोरणातील इतर मर्यादा आणि उल्लंघनाबाबतची तरतूद (कलम ७) पूर्वीप्रमाणेच आहे.
>
> काही अडचण किंवा शंका असल्यास आयटी विभागाशी बोलावे.

कारवाईचा उल्लेख पूर्णपणे टाळावा, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. तरतूद अस्तित्वात असेल तर ती लपवणे प्रामाणिकपणाचे नाही, आणि पुढे कधी ती वापरावी लागली तर मऊ पत्रामुळे लोकांना फसवल्यासारखे वाटते. मात्र तो उल्लेख एकदाच, कलमाच्या क्रमांकासह, विशेषण न लावता आणि शेवटाकडे असावा. ‘कडक’, ‘गंभीर’, ‘सक्त’ हे शब्द धोरणात नसतील तर पत्रातही नकोत.

सावधान : ‘आपण सर्व एक कुटुंब आहोत’ किंवा ‘तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, परंतु’ अशी वाक्ये घालून सूर सौम्य होत नाही. ‘परंतु’नंतर जे येते तेच लक्षात राहते.

## सहावा टप्पा : नोंदींबद्दलचा परिच्छेद पूर्ण खरा ठेवा

इंटरनेट वापराच्या नोंदी ठेवल्या जात असतील तर त्याविषयी मौन पाळू नये आणि मोघम धाकही घालू नये. ‘सर्वांवर लक्ष आहे’ हे वाक्य बहुतेक कार्यालयांत खरेही नसते. नोंदी साठतात, पण त्या रोज कोणी वाचत नाही. खरे असेल तेवढेच नेमके लिहा : कशाची नोंद होते, कशाची होत नाही, किती दिवस राहते, कोणाच्या परवानगीने पाहता येते. कार्यालयाने जोडणी उलगडून पाहण्याची व्यवस्था बसवलेली असेल, तर ‘मजकूर दिसत नाही’ असे लिहिणे खोटे ठरेल, म्हणून हा परिच्छेद आयटी विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय पाठवू नका.

या बाबतीत बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका खासगी कंपनीतील अभियंत्याला कार्यालयीन कामासाठी उघडलेल्या मेसेंजर खात्यावरून वैयक्तिक संदेश पाठवल्याबद्दल २००७ मध्ये कामावरून काढण्यात आले. त्यापूर्वी कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांमध्ये एक सूचना फिरवली होती. वैयक्तिक वापरामुळे एका कर्मचाऱ्याला काढावे लागल्याचे त्यात सांगितले होते आणि कामावर देखरेख ठेवण्याच्या कर्तव्याचाही उल्लेख होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महाखंडपीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी अभियंत्याच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा देखरेखीचे स्वरूप व व्याप्ती, आणि विशेषतः संदेशांचा मजकूरही वाचला जाऊ शकतो ही गोष्ट, त्या कर्मचाऱ्याला आगाऊ सांगितली गेली नव्हती, हा मुद्दा निर्णायक ठरला. म्हणजे वापरावर बंदी होती, सर्वांना सूचना गेली होती, दुसऱ्याच्या हकालपट्टीचे उदाहरणही दिले होते. जे सांगायला हवे होते तेच राहिले होते. हा निर्णय सर्व देशांना बंधनकारक नाही आणि आपल्या ठिकाणचा कायदा स्वतंत्रपणे पाहावाच लागतो, पण धाक दाखवणे म्हणजे माहिती देणे नव्हे, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

## सातवा टप्पा : पाठवण्यापूर्वी कोणाला दाखवायचे, कोणाच्या सहीने आणि केव्हा पाठवायचे

मसुदा तीन जणांना वाचायला द्या : अलीकडेच रुजू झालेला कर्मचारी, एक पर्यवेक्षक, आणि ज्याची पाळी किंवा काम इतरांपेक्षा वेगळे आहे असा कोणीतरी. ‘पत्र कसे वाटले’ असे विचारू नका. चांगले आहे एवढेच उत्तर मिळेल. ‘हे पत्र कशामुळे निघाले असे वाटते?’ आणि ‘सोमवारी तुम्ही काय कराल?’ हे दोनच प्रश्न विचारा. पहिल्याच्या उत्तरात एखाद्या सहकाऱ्याचे नाव आले किंवा दुसऱ्याला तिघांनी वेगवेगळी उत्तरे दिली, तर मसुदा अजून तयार नाही.

सही त्या विभागाची असावी ज्याच्याकडे अडचण सोडवण्याचे काम आहे. आपल्या उदाहरणात ती आयटी प्रमुखांची असेल. मनुष्यबळ विभागाच्या किंवा शिस्तपालन पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने तोच मजकूर गेला तर लोक तो नोटीस म्हणून वाचतात. ‘वाचले’ म्हणून पोचसही मागितली तरी तोच परिणाम होतो. धोरण मिळाल्याची पोच हवी असेल तर ती रुजू होताना किंवा सर्व धोरणांची मिळून ठरावीक काळाने घ्यावी.

दिवस निवडतानाही विचार हवा. नुकतेच कोणाला काढले असेल, कोणाशी वाद झाला असेल किंवा वेतनवाढीची पत्रे निघत असतील, तर थांबा. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाठवलेले पत्र लोक दोन दिवस मनात घोळवत बसतात आणि विचारायला कोणी जागेवर नसते. सोमवारपासून बदल हवा असेल तर आधीच्या आठवड्यात मंगळवार किंवा बुधवारी सकाळी पाठवावे.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी पर्यवेक्षकांना पंधरा मिनिटे बोलावून पत्र दाखवा, कारण पहिले प्रश्न त्यांच्याकडे जातात. ‘माझी नोंद पाहिली का?’, ‘जेवताना व्हिडिओ पाहिला तर चालेल का?’ आणि ‘साहेबांचा मोबाइलही काढायचा का?’ या तीन प्रश्नांची एकसारखी उत्तरे सर्वांकडे हवीत. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेच हवे, आणि ते सोमवारी सकाळी दिसायलाही हवे. पर्यवेक्षकांना हेही स्पष्ट सांगा की पत्र हातात घेऊन कोणाच्या जागेजवळ जाऊन उभे राहू नये.

सावधान : ज्यांना कार्यालयीन ईमेल नाही अशांसाठी तोच मजकूर सूचनाफलकावर लावावा. तिथे जागा वाचवण्यासाठी तो कापला की सहसा परवानगीचा भाग जातो आणि मनाई उरते. म्हणून पूर्ण मजकूरच लावावा.

## आठवा टप्पा : पाठवल्यानंतरचे दोन आठवडे

पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी, त्या व्यक्तीलाच उत्तर द्या. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर पत्रात त्रुटी आहे असे समजून सर्वांना दोन ओळींचे स्पष्टीकरण पाठवा. कोणी नाराजीने सर्वांना उत्तर पाठवले तर सर्वांसमोर वाद घालू नका. तथ्याची चूक असेल तर ती एका वाक्यात दुरुस्त करा आणि बाकीचे समक्ष बोला.

परिणाम मोजताना पुन्हा एकूण भारच पाहा. दोन आठवड्यांनी दुपारी १ ते ३ मधील भार आणि आवाज तुटल्याच्या तक्रारी यांची आधीच्या दोन आठवड्यांशी तुलना करा आणि निष्कर्ष सर्वांना कळवा, मग तो चांगला असो वा नसो. ‘मोबाइल वेगळ्या वाय-फायवर गेल्याने लाइन मोकळी झाली आहे, आवाज तुटण्याच्या तक्रारी थांबल्या आहेत’ एवढे पुरेसे आहे. सुधारणा झाली नसेल तर लोकांनी ऐकले नाही असे धरून दुसरे, अधिक कडक पत्र काढण्याआधी आयटी विभागासोबत कारण पुन्हा तपासा. अनेकदा एखादा संगणक दुपारच्या वेळी प्रचंड बॅकअप घेत असतो आणि त्याचा कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक वापराशी काहीही संबंध नसतो.

कोण्या एकाचा वापर खरोखरच कामाच्या आड येत असल्याचे या काळात दिसले, तर त्याच्याशी वेगळे बोला, आणि बोलणे कामाबद्दल असू द्या : कोणते काम राहिले, कोणती मुदत चुकली. सर्वांना गेलेले पत्र त्याला ‘पहिली ताकीद’ म्हणून दाखवू नये. ते ताकीद म्हणून लिहिलेले नव्हते, आणि तसा वापर एकदा झाला की पुढची प्रत्येक सूचना सर्वजण ताकीद म्हणूनच वाचतील.

शेवटी एक फाइल करून ठेवा. पाठवलेल्या पत्राची प्रत व तारीख, त्या वेळी लागू असलेली धोरणाची आवृत्ती, भाराचे दोन्ही आलेख आणि आलेल्या प्रश्नांची यादी त्यात असावी. जे प्रश्न वारंवार आले त्यांची उत्तरे धोरणाच्या पुढच्या आवृत्तीत कलम ४ खाली घालण्यासाठी संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवा, आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिल्या दिवशी वाय-फाय जोडून देताना तीच माहिती तोंडी सांगण्याची व्यवस्था करा.